फेसाखालचं पाणी

बाबांची दाढी मी पहिल्यांदा केली तेव्हा गळ्याजवळ तीन ठिकाणी कापलं. तिन्ही जखमा टाचणीच्या टोकाएवढ्या, पण रक्त थांबायला बराच वेळ लागला आणि पांढऱ्या टॉवेलवरचे ते लाल ठिपके मला अजून दिसतात. बाबा काही बोलले नाहीत. खुर्चीच्या हातावर त्यांची बोटं मात्र आवळलेली होती, आणि पातं जबड्यावरून खाली गळ्याकडे उतरलं की दरवेळी त्यांचा डावा डोळा किंचित मिटत होता. ते मला दिसत होतं. तरीही मी थांबलो नाही, कारण अर्धी दाढी उरकली होती आणि उरलेली कशीबशी संपवावी एवढंच डोक्यात होतं.

हात थरथरायला लागल्यापासून त्यांना स्वतःला रेझर धरवेना. विजेवरचं यंत्र आणून पाहिलं. पण गळ्याची कातडी सैल झालेली, त्यात आडवे वाढलेले केस, यंत्र ते पकडायचंच नाही आणि पुन्हापुन्हा फिरवून कातडी लाल व्हायची. मग मी म्हटलं, मी करतो. स्वतःची दाढी पंचवीस वर्षं करत आलो होतो, त्यामुळे यात शिकण्यासारखं काही असेल असं वाटलंच नाही. तोंडावर पाण्याचे दोन हबके, डब्यातला तयार फेस, नवं ब्लेड. माझं चार मिनिटांत आटोपायचं, त्यांचंही तसंच आटोपायला गेलो.

रक्त थांबल्यावर बाबा एवढंच म्हणाले, "ब्लेडचा दोष नाही. पाणी मुरलं नव्हतं."

आपली दाढी आपण करतो तेव्हा केस ओढला गेला की ते चेहऱ्याला त्याच क्षणी कळतं आणि हात आपोआप सैल पडतो. गालातून मनगटापर्यंत हा निरोप इतका झटकन पोहोचतो की आपण काही सांभाळतोय हे लक्षातही येत नाही. दुसऱ्याची दाढी करताना तो निरोप तुटतो. हातात पातं माझं आणि ओढ बसते त्यांना. माझ्यापाशी उरतो फक्त आवाज, आणि त्यांच्या चेहऱ्यावर उमटेल तेवढं. त्या तीन जखमांनी मला हे शिकवलं की माझ्या स्वतःच्या दाढीतही तीच चूक रोज होत होती. माझा हात ती वेळेवर सावरून घेत होता, म्हणून ती दिसत नव्हती.

बाबांनी पुढच्या वेळी मला त्यांचा जुना ब्रश काढायला लावला. लाकडी मुठीचा, डुकराच्या राठ केसांचा, टोकं वर्षानुवर्षांच्या वापराने दुभंगून मऊ झालेली. दाढी सुरू करण्याआधी त्यांनी तो कोरडाच माझ्या हाताच्या पाठीवर टेकवायला सांगितला. टोकं जरी मऊ होती तरी केसाचा दांडा ताठ होता, जरा दाबलं की टोचत होता. मग तोच ब्रश मगभर गरम पाण्यात केसांपुरता बुडवून ठेवला. "तीन मिनिटं हात लावू नकोस." तीन मिनिटांनी तोच ब्रश, तोच हात. आता केस दाबाखाली वाकत होते, टोचायचं नावच नव्हतं. ओल्या गवतावर हात फिरवावा तसं वाटलं.

"दाढीचे केसही याच मालाचे आहेत," ते म्हणाले.

आणि ते अक्षरशः खरं आहे. डुकराचा केस, दाढीचा केस, नख, सगळं केराटिन नावाच्या प्रथिनाचं. केराटिनचे लांब धागे एकमेकांना दोन प्रकारांनी जखडलेले असतात. गंधकाचे बंध पक्के, त्यांना पाण्याने काही होत नाही. त्यांच्या जोडीला असंख्य नाजूक हायड्रोजन बंध असतात आणि कोरड्या केसाचा ताठरपणा बऱ्याच अंशी त्यांच्यामुळे असतो. पाणी केसात शिरलं की ते या धाग्यांच्या मधे बसतं आणि नाजूक बंध सुटत जातात. केस स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ ३० टक्के पाणी पिऊ शकतो. तो लांबीत फारसा वाढत नाही, जाडीत मात्र साधारण १५ टक्क्यांनी फुगतो आणि मऊ पडतो. अंघोळीनंतर नखं कापली तर कात्री सहज चालते आणि कोरडं नख कापलं तर तुकडा टणकन उडतो, हा अनुभव ज्याने घेतला असेल त्याला आणखी काही सांगायला नको.

हे व्हायला वेळ लागतो, आणि माझी चूक नेमकी इथे होती. तोंडावर मारलेला पाण्याचा हबका केसाच्या बाहेरच राहतो. केसावर खवल्यांसारखं एक आवरण असतं, त्यावर त्वचेतून पाझरणारं तेल पसरलेलं असतं, आणि तेलावर पाणी टिकत नाही, थेंब होऊन घरंगळतं. म्हणून आधी साध्या साबणाने किंवा फेसवॉशने दाढीचा भाग धुवायचा, तेल काढून टाकायचं. मग ओल पोहोचू द्यायची. कोमट पाण्यात दोन-तीन मिनिटं मिळाली की केस बराचसा मऊ होतो. गार पाण्यातही होतो, पण वेळ जास्त लागतो. ऊन पाण्याचा फायदा मुख्यतः एवढाच की ते तेल सैल करतं आणि केसात लवकर शिरतं. गरम पाण्याने त्वचेची छिद्रं उघडतात असं सगळे म्हणतात. मीही म्हणायचो. छिद्रांना उघडझाप करायला स्नायूच नसतात. मऊ होतो तो केस.

अंघोळीनंतर लगेच दाढी केली तर हे काम आपोआप झालेलं असतं, म्हणूनच ज्यांना ती सवय आहे त्यांना वेगळी तयारी करावी लागत नाही. बाबांची अंघोळ आणि दाढी या दोन गोष्टी एकापाठोपाठ करणं त्यांना झेपत नाही, ते थकतात. त्यामुळे आमच्याकडे टॉवेलचा मार्ग.

लहान टॉवेल ऊन पाण्यात बुडवायचा, ठिबकणार नाही इतपत पिळायचा, आणि आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहायचा. मनगटाला सुखद वाटला पाहिजे, चटका बिलकुल नको. म्हाताऱ्या त्वचेला उष्णता उशिरा कळते, आणि कळेपर्यंत भाजलेलं असतं. मग टॉवेलचा मध्य हनुवटीखाली धरून दोन्ही टोकं गालांवरून वर घ्यायची, नाक मोकळं ठेवायचं. पिळलेला टॉवेल मिनिटभरात गार होतो हे मला आधी ठाऊक नव्हतं. गार टॉवेल तोंडावर ठेवून तीन मिनिटं मोजत बसण्यात अर्थ नाही, म्हणून मी मधे तो दोनदा पुन्हा बुडवून घेतो. गळ्याचा भाग सगळ्यात शेवटी भिजतो, कारण टॉवेल तिथून सुटून पुढे लोंबतो. आणि कापण्याची भीती सगळ्यात जास्त तिथेच. आता मी टॉवेलच्या खालच्या काठावर हात ठेवून तो कंठाला अलगद चिकटवून धरतो. तेवढी तीन मिनिटं आमच्यात काही बोलणं होत नाही. हाताखाली त्यांचा आवंढा वर-खाली झालेला जाणवतो.

जास्त भिजवलं तर आणखी चांगलं, असंही नाही. वीस मिनिटं ओली राहिली की चेहऱ्याची कातडीही पाणी पिऊन फुगते, ढिली पडते. मग पात्याखाली ती सपाट राहत नाही, केसाच्या मुळाशी उंचवटे येतात आणि पातं केसाबरोबर त्या उंचवट्याचा शेंडाही छाटतं. पाणी कढत असेल तर त्वचेचं स्वतःचं तेल फारच निघून जातं आणि दाढीनंतर दिवसभर ओढल्यासारखं होतं. तीन मिनिटं, फार तर पाच.

टॉवेल काढला की तोंड पुसायचं नाही. हे लिहिताना वेडगळ वाटतं, पण हाताला सवयच असते, टॉवेल हातात आहे म्हणजे पुसणार. एवढ्या निगुतीने मुरवलेली ओल एका पुसण्यात वरच्यावर जाते, आणि आत गेलेलं पाणीही उघड्यावर लगेच उडायला लागतं. फेसाची गरज इथून पुढे.

फेस म्हणजे केस मऊ करणारं काहीतरी, असं मला वर्षानुवर्षं वाटत होतं. केस मऊ करतं पाणी. फेस त्या पाण्यावर झाकण घालतो, पातं आणि कातडी यांच्या मधे निसरडा थर ठेवतो, आणि कुठे फिरवून झालं, कुठे राहिलं ते दाखवतो. दाढीच्या साबणात स्टिअरिक आम्लाचं प्रमाण भरपूर असतं, त्यामुळे त्याचे बुडबुडे बारीक आणि टिकाऊ होतात. ते आम्ल बऱ्याचदा सोडियमच्या जोडीने पोटॅशियमच्या अल्कलीने साबणात बदललेलं असतं, म्हणून दाढीचा साबण अंगाच्या साबणापेक्षा मऊ आणि पाण्यात पटकन विरघळणारा. वर ग्लिसरीन, ते ओल धरून ठेवतं. अंगाच्या साबणाचा फेसही पुष्कळ होतो, पण बुडबुडे मोठे, आणि गालावर दोन मिनिटांत त्याचा पापुद्रा होतो. अडीअडचणीला चालेल, रोज नको.

ब्रशने फेस करायला मी तीन आठवडे घेतले. पहिले काही दिवस मी जे बनवायचो ते दिसायला भरघोस असायचं, पांढरं, फुगलेलं. बाबांच्या गालावर लावलं की एक गाल होईपर्यंत दुसऱ्या गालावरचा फेस वाळून जाळी पडलेली. त्यात पाणी कमी आणि हवा जास्त होती. मग भीतीने पाणी वाढवलं, तर फेस पातळ होऊन गळ्यावरून शर्टात उतरला. तो सरकत होता म्हणून मला वाटलं निसरडा असेल. पण पाण्यासारख्या फेसात साबण इतका थोडा असतो की पातं एकदा फिरलं की खाली काही उरतच नाही.

आता माझी रीत ठरली आहे. मुरलेला ब्रश मगातून काढून दोनदा झटकायचा, म्हणजे तो ओला राहतो पण ठिबकत नाही. साबणाच्या वडीवर पाच-सहा थेंब पाणी आणि त्यावर ब्रश गोल गोल, दाब हलका, साधारण अर्धं मिनिट. सुरुवातीला मोठे बुडबुडे येतात, त्यांच्याकडे लक्ष द्यायचं नाही. ते जाऊन ब्रशच्या टोकांना दाट, चिकट मलमासारखा थर बसला की साबण पुरेसा आला. मग वाटीत. इथे घाई नको. ब्रशचं फक्त टोक पाण्याला लावायचं, वाटीत फिरवायचं, पुन्हा टोक लावायचं. पाच-सहा वेळा असं केलं की एक क्षण येतो जेव्हा फेसाचा कोरडा, खडूसारखा पांढरेपणा जाऊन त्यावर चमक येते. ब्रश वर उचलला की फेसाचं टोक उभं राहतं आणि मग हळूच वाकतं. ताठ उभंच राहिलं तर अजून पाणी हवं, उठलंच नाही तर पाणी जास्त झालं. मी अंगठा आणि तर्जनी यांच्यात थोडा घेऊन चोळून पाहतो. बोटं एकमेकांवरून घसरत राहिली पाहिजेत. दोन-तीनदा चोळल्यावर चिकटायला लागली तर तो फेस गालावर न्यायचा नाही.

ब्रश आधी भिजवायचा, त्याचं दुसरं कारण मला इथे कळलं. कोरडा राठ ब्रश स्वतःच पाणी पितो. फेस करता करता तो फेसातलंच पाणी शोषून घेतो आणि आपण गोंधळतो की इतकं पाणी घातलं ते गेलं कुठे. कृत्रिम धाग्यांचा ब्रश पाणी पीत नाही, तो ओला करून लगेच वापरता येतो, आणि खरं सांगायचं तर ज्याला वेळ कमी आहे त्याच्यासाठी तोच बरा. बिज्जूच्या केसांचा ब्रश पाणी भरपूर धरून ठेवतो, पण तो महाग, आणि त्यावाचून काही अडत नाही. पाण्याचीही एक अडचण असते. क्षार जास्त असलेल्या जड पाण्यात साबणाचा काही भाग कॅल्शियम-मॅग्नेशियमशी जुळून राखाडी साका बनतो, फेस उठत नाही आणि उठला तर बसतो. मी एका प्रवासात तासभर स्वतःच्या हाताला दोष देत होतो, दोष नळाच्या पाण्याचा होता. तिथे दुसऱ्या दिवशी पिण्याचं शुद्ध केलेलं पाणी अर्धा मग घेतलं आणि त्याच साबणाचा नेहमीसारखा फेस झाला.

फेस चेहऱ्यावर लावण्यातही ब्रश हाताला जमणार नाही असं काहीतरी करतो. गळ्यावरचे केस बऱ्याचदा कातडीला चिकटून आडवे झोपलेले असतात. हाताने फेस थापला तर तो वर बसतो, केसाच्या खालची बाजू कोरडीच. ब्रश गोल फिरवला की टोकं त्या केसांच्या खालून जातात, त्यांना हलवतात, मुळापाशी ओल आणि साबण पोहोचवतात, आणि वर साचलेली मेलेली कातडी सुटून जाते. गोल फिरवून झालं की शेवटी रंग मारावा तसे वरून खाली सरळ फटकारे, म्हणजे थर सारखा बसतो. बाबांच्या गालांवर मी गोल फिरवणं फार थोडं ठेवतो. म्हातारी कातडी कागदासारखी असते, राठ ब्रशने जोरात घासलं तर ब्रशच ओरखडे काढतो आणि मग तो दोष पात्यावर जातो. ज्यांच्या तोंडावर पुटकुळ्या आहेत त्यांनीही घासू नये. फेस लावून झाल्यावर मी पुन्हा मिनिटभर थांबतो. ब्रश पुसतो, रेझर ऊन पाण्यात बुडवतो, खिडकी बंद करतो. वाऱ्याने फेस वाळतो.

डब्यातल्या फेसाला मी नावं ठेवणार नाही. त्यातलं पाणी आणि वायू ठरलेल्या मापात येतात, ते आपल्याला बदलता येत नाही एवढंच. खाली केस नीट भिजलेला असेल आणि तो फेस ओल्या गालावर बोटांनी उलटसुलट चोळून लावला तर काम चांगलं होतं. तो कोरड्या गालावर थापला की मात्र दिसतो पांढराशुभ्र आणि खाली केस तसाच ताठ.

हे सगळं खरंच लागतं का, की बाबांच्या सवयीपोटी मी ते मानून घेतोय, हा प्रश्न मला पडला. म्हणून एका रविवारी स्वतःवर करून पाहिलं. दोन दिवसांची दाढी, नवं ब्लेड. उजवा गाल धुऊन, टॉवेलखाली तीन मिनिटं ठेवून. डावा गाल गार पाण्याने फक्त ओला करून. फेस दोन्हीकडे एकच, त्याच वाटीतला. तरीही पहिला फरक कानांना कळला. उजवीकडे पातं सरसर गेलं, मऊ कापडावर नख ओढल्यासारखा आवाज. डावीकडे करकर, जणू प्रत्येक केस वेगळा मोजला जातोय. उजवा गाल वरून खाली चार पट्ट्यांत मोकळा झाला. डावीकडे जबड्याच्या कोपऱ्यावर त्याच जागी तिसऱ्यांदा पातं न्यावं लागलं, आणि तिसऱ्या वेळी फेस संपलेला होता. त्यानंतर दोन्ही गालांवर ओली तुरटी फिरवली. तुरटी हा चांगला साक्षीदार आहे. कातडी अखंड असेल तर ती नुसती गार लागते, जिथे वरचा थर खरवडला गेलाय तिथे झोंबते. उजवीकडे काही नाही. डावीकडे जबड्याखाली रुपयाएवढ्या जागेत सणसणून आग. रक्ताचा एक थेंब नव्हता, आरशात काही दिसत नव्हतं, पण कातडी सोलली गेली होती. पुढच्या रविवारी बाजू बदलून पाहिलं आणि आगही बाजू बदलून आली.

दाढी तुळतुळीत होण्यात दोन्ही गालांत फारसा फरक नव्हता, हेही लिहिलं पाहिजे. फरक होता तो तिथवर पोहोचायला लागलेल्या हातांत. ताठ केस पात्याला लगेच शरण येत नाही. पातं त्याला पुढे ढकलतं, तो कातडीतल्या मुळासकट ओढला जातो, मग तुटतो. आपल्याला बसते ती हीच ओढ. आणि ओढ बसली की माणूस नकळत दाब वाढवतो. कापतं ते या वाढलेल्या दाबाने. केस पोलादापेक्षा कितीतरी मऊ, साधारण पन्नास पट, तरी तो पात्याची धार बोथट करतो. २०२० साली एमआयटीतल्या संशोधकांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली केस कापून पाहिले, तेव्हा दिसलं की केस वाकला आणि पात्याला तिरका भिडला, तर धारेचे अगदी सूक्ष्म टवके उडू शकतात. म्हणजे इतकी सगळी तयारी करूनही ब्लेड जुनं झालं की ते ओढणारच. भिजवलेल्या दाढीवर नेहमीचा करकर आवाज परत आला, की मी ब्लेड बदलतो, दिवस मोजत बसत नाही.

तयारीने सगळं सुटत नाही हे बाबांच्या गळ्याने मला दाखवलं. त्यांच्या कंठाच्या डाव्या बाजूला केस खालून वर आणि तिरके वाढतात. तिथे मी वरून खाली पातं न्यायचो, म्हणजे माझ्या मते सुलट, प्रत्यक्षात उलट. शेवटी एकदा दोन दिवसांची वाढ असताना बोट चारी दिशांना फिरवून पाहिलं. ज्या दिशेने गुळगुळीत लागतं ती केसाची दिशा. तेव्हापासून त्या तेवढ्या जागी पातं खालून वर जातं. सैल कातडी ताणण्यासाठी दुसऱ्या हाताची बोटं साबणाने घसरायची, ती आता ओल्या तुरटीवर घासून घेतो, पकड बसते. आणि तिथे एक तीळ आहे, त्याच्या भोवतीचा फेस मी बोटाने पुसून टाकतो, म्हणजे तो डोळ्यांसमोर राहतो. ज्यांचे केस कुरळे आहेत, कापलेलं टोक वळून पुन्हा कातडीत शिरतं आणि गाठी येतात, त्यांना पाणी आणि फेस आराम देतात, पण त्यांनी उलटा हात फिरवूच नये आणि फार खोल दाढी करू नये. रक्त पातळ ठेवणारी औषधं चालू असतील तर पात्याचा विचार आधी डॉक्टरांशी बोलूनच करावा. बाबांना तशी औषधं असती तर मी यंत्रावरच थांबलो असतो, लाल कातडी सोसली असती.

आठवड्यातून दोनदा दाढी करतो. सगळी मिळून पंचवीस मिनिटं जातात, त्यात पातं फिरतं ती जेमतेम सहा-सात. झाल्यावर ब्रश साबण जाईपर्यंत धुऊन, झटकून, वाऱ्याला ठेवतो. ओला ब्रश बंद कपाटात कुजतो. तो फक्त त्यांचाच आहे, माझा वेगळा घेतला.

गेल्या वेळी टॉवेल काढून फेस लावून झाला आणि मी रेझर उचलला. बाबांनी डोळे मिटलेले होते. थरथरणारा हात त्यांनी सावकाश वर आणला, जबड्याच्या कोपऱ्याखाली, जिथे टॉवेल नेहमी सुटतो, तिथे एक बोट फेसातून आत रुतवलं आणि क्षणभर तसंच ठेवलं.

"इथे अजून ताठ आहे."

मी रेझर खाली ठेवला आणि ब्रशचं टोक पुन्हा ऊन पाण्याला लावलं.